‘पांढरा म्हणजे शोक’ हे भिंतीवर लिहिण्याआधी

प्रश्न: आमच्या जि. प. शाळेच्या भिंतीवर ‘जगभरातील रंगांचे अर्थ’ असा तक्ता रंगवायचा आहे. इंटरनेटवर मिळालं ते असं: भारतात पांढरा म्हणजे शोक आणि लाल म्हणजे लग्न, चीनमध्ये पांढरा शोक, लाल शुभ, युरोपात पांढरा लग्नाचा, काळा शोकाचा. कच्चा कागद लावून पाहिला तर दोन पालक म्हणाले, “आमच्याकडं तं लग्नातच पांढरं नेसतात सर, हे काय लिवलं?” तक्ता कसा दुरुस्त करू? गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कुणबी, बौद्ध, गोंड, मुसलमान अशी मिसळ वस्ती आहे. मुलं सहावी-सातवीची.

उत्तर:

सर, पालकांचं बरोबर आहे. एखादी चौकट खोडून हा तक्ता सुधारणार नाही, कारण अडचण त्याच्या बांधणीतच आहे. डावीकडे देश आणि उजवीकडे अर्थ असे दोनच रकाने धरले की मधलं सगळं गळून पडतं: कोण गेलं, कोणी नेसलं, नात्याने कोण लागतं, कापड कसलं होतं आणि ते किती दिवस अंगावर राहिलं. हे रकाने परत आणले की तक्ता सुधारतो. मुलांनाही तो जास्त कळेल, कारण त्यातलं निम्मं त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. म्हणून सुरुवात तुमच्या गावापासूनच करतो. भर पांढऱ्यावर ठेवतो, लालचं ओघात येईल.

आधी रोजचं पांढरं. धोतर, बंडी आणि टोपी हा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा वर्षभराचा वेश होता, आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर तो आजही दिसतो. त्याच वेशात माणूस वावरात जातो, बाजाराला जातो, दिंडीत चालतो आणि पुतणीच्या लग्नात पंगतीला बसतो. कापसाच्या मुलखात न रंगवलेलं सुती कापड सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेलं. रंगवायला वेगळे पैसे पडतात, आणि रंग धुण्यात उतरतो. पांढरं मळलं तर सोडा टाकून उकळता येतं, उन्हात घालता येतं. तेव्हा पुरुषाच्या अंगावरच्या पांढऱ्याला इथे काही खास अर्थच नाही. तेच पांढरं लग्न झालेल्या बाईने त्याच घरात लग्नाच्या दिवशी नेसलं तर सासू टोकेल. एकाच छताखाली एकाच रंगाला दोन वेगळ्या वागणुका मिळतात. तक्त्यातला पहिला नवा रकाना इथेच सापडतो: ‘कोणाच्या अंगावर’.

आता मयतीचं बघू. कुणबी, माळी, तेली अशा घरांत पुरुष गेला तर कोरं पांढरं कापड आणतात, बहुतेकदा मांजरपाट. ‘शोकाचा रंग पांढरा’ हे इथपर्यंत जुळतं. पण नवरा हयात असताना बाई गेली, म्हणजे सवाष्ण गेली, तर तिला पांढरं घालत नाहीत. आंघोळ घालून हळद लावतात. हिरवं किंवा लाल पातळ नेसवतात. हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, केसांत फुलं आणि कपाळभर कुंकवाचा मळवट. मग ओटी भरतात. मातीला आलेले पुरुष मात्र नेहमीच्या पांढऱ्यातच असतात. बऱ्याच गावांत तिरडीवर गुलालही उधळतात, आणि तोच गुलाल सरपंचाची निवडणूक जिंकल्यावर उधळलेला मुलांनी पाहिलेला असतो.

या एका अंत्ययात्रेत हिरवा, पिवळा, लाल, गुलाबी आणि पांढरा असे पाच रंग आहेत, आणि घरावर दुःख तर सारखंच कोसळलेलं आहे. यातला शोकाचा रंग कोणता, असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलेला आहे. हिरवं पातळ घरच्यांच्या मनाबद्दल काहीच सांगत नाही. ते गेलेल्या बाईची स्थिती सांगतं: ती सवाष्ण म्हणून गेली. माझ्या मते तुमच्या तक्त्यातली मूळ गफलत हीच आहे. विधीतला रंग बहुतेक वेळा स्थिती आणि नातं सांगतो, आणि इंटरनेटवरच्या याद्या त्याला भावनेचं नाव देतात. ‘पांढरा = शोक’, ‘लाल = आनंद’ या बरोबरीच्या खुणा तिथून येतात.

आणखी एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. कापड आणतं कोण? बाई गेली की शेवटचं पातळ माहेरहून येतं. नातेवाईक स्वतः आणलेली वस्त्रंही वर घालतात. भावाने तालुक्याच्या दुकानातून घाईघाईत जे मिळालं ते आणलेलं असतं. कोणी हिरवं मागितलं, दुकानात पोपटी होतं, तेच घेतलं. नंतर कोणी फोटो पाहून ‘या समाजात मृत बाईला पोपटी नेसवतात’ असं लिहिलं तर दुकानातला साठा हीच परंपरा होऊन बसेल. म्हणून कापड ठरवणारा कोण आणि पुरवणारा कोण, हे दोन्ही विचारून घ्यावं लागतं.

विधवेच्या पांढऱ्याबद्दल तर फारच सरसकट लिहिलं जातं. पांढरी साडी नेसलेली विधवा हे चित्र बंगालात आणि उत्तरेत जास्त दिसतं, आणि सिनेमामुळे ते सगळ्या देशाचं झालं. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर आलवण असे, आणि आलवण तांबडं असे. म्हणजे ज्या लालला तुमच्या तक्त्यात ‘लग्न’ असं लिहिलंय, तोच रंग इथे वैधव्याचा होता. शेती करणाऱ्या अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे आणि ती रंगीत लुगडंही नेसत असे. तिच्या अंगावरून जात ते कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा आणि जोडवी. म्हणजे काय घातलं यापेक्षा काय काढलं, यात खूण होती. तक्त्यात ‘काय काढलं’ असा रकाना नसेल तर ही सगळी माहिती बसायला जागाच राहत नाही. या प्रथा बदलतही आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला काळ हवा. ‘पूर्वी’ एवढं लिहून भागत नाही. ‘आजीच्या लग्नाच्या सुमारास’ असं लिहिलं तरी वाचणाऱ्याला अंदाज येतो.

लग्नाचा लालही तपासा. महाराष्ट्रातली नवरी परंपरेने पिवळी अष्टपुत्री नेसते, शालू बऱ्याचदा हिरवा असतो आणि चुडा तर हिरवाच. लाल शालू किंवा लाल घागरा हल्ली जास्त दिसतो, त्याला उत्तरेकडच्या लग्नांची आणि पडद्याची ओढ आहे. गुजरातेतलं पानेतर पांढऱ्या अंगाचं आणि लाल काठाचं असतं. केरळात नवरी सोनेरी काठाचं कोरं-पांढरं वस्त्र नेसते. ‘भारत – लग्न – लाल’ ही ओळ तुमच्या गावाच्या नवरीलाच लागू होत नाही.

आता ज्या पालकांनी टोकलं त्यांच्याकडे येऊ. तक्त्याला सगळ्यात जास्त शिकवणारी नोंद त्यांचीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, नागपुरात बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी पांढरी वस्त्रं नेसून धम्मदीक्षा घेतली. बौद्ध परंपरेत घरसंसार करणाऱ्या उपासकांचा वेश पांढरा आणि भिक्खूंचा चीवर, ही वाटणी फार जुनी आहे, पाली ग्रंथांत ती येते. त्यामुळे विदर्भातल्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत असतो, आणि समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील. घरात कोणी वारलं तरी पांढरे कपडे, मेणबत्ती आणि त्रिशरण-पंचशील हेच असतं. दीक्षाभूमीला जाताना पांढरं, आणि ६ डिसेंबरलाही पांढरंच.

हे नीट वाचा, कारण इथे एक सापळा आहे. ‘बौद्धांमध्ये पांढरा = लग्न’ असं लिहून मोकळं झालात तर जुनीच चूक नव्या चौकटीत जाईल. लग्न, मृत्यू, दीक्षेचा दिवस आणि महापरिनिर्वाण दिन, या चारही प्रसंगी तेच पांढरं असेल तर त्याचा अर्थ लग्नही नाही आणि शोकही नाही. चारही ठिकाणी सारखं काय आहे ते शोधायचं: माणूस उपासक म्हणून धम्मविधीत उभा आहे. पांढरं तेवढंच सांगतं. आनंदाचा प्रसंग की दुःखाचा, हे बाकीच्या गोष्टींवरून कळतं: हार कोणाच्या गळ्यात आहे, वाजंत्री आहे की नाही, नवरीच्या अंगावर दागिने आहेत का.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. आफ्रिकेतल्या झांबियाच्या न्देंबू लोकांमध्ये राहून पांढरा, लाल आणि काळा यांचा अभ्यास करणारे व्हिक्टर टर्नर एखाद्या प्रतीकाकडे तीन बाजूंनी बघत. लोक त्याबद्दल काय सांगतात ही पहिली बाजू. लोक प्रत्यक्षात त्याचं काय करतात ही दुसरी. आणि ते कोणत्या गोष्टींच्या सोबत, कोणाच्या विरुद्ध ठेवलेलं असतं, ही तिसरी. इंटरनेटवरच्या याद्या पहिल्या बाजूवर, तीही कोणा एकाच्या सांगण्यावर, थांबतात. न्देंबूंच्या लालबद्दल टर्नर यांना जे मिळालं तेही असंच गुंतागुंतीचं आहे. बाळंतपणाचं रक्त, शिकारीचं रक्त आणि खुनाचं रक्त ही त्यांच्या लेखी वेगवेगळी लाल आहेत; तोच लाल भल्याचाही आहे आणि वाईटाचाही. तुमच्या गावात लग्नातलं कुंकू, तिरडीवरचा मळवट आणि मिरवणुकीतला गुलाल यांनाही असंच वेगवेगळं ठेवा.

मुसलमान वस्तीबद्दल थोडक्यात. कफन साधारणपणे पांढरं असतं, पुरुषाला तीन वस्त्रं आणि बाईला पाच. पण पांढरा हा जिवंत माणसाच्याही पसंतीचा रंग आहे. जुम्म्याच्या नमाजेला पांढरा कुर्ता असतो, आणि हजला जाणारा पुरुष एहराम म्हणून दोन न शिवलेली पांढरी कापडं अंगावर घेतो. इद्दतमध्ये विधवा चार महिने दहा दिवस साजशृंगार टाळते, तिथेही मुख्य गोष्ट काय टाळलं ही आहे. गोंड घरांबद्दल पुस्तकातून उचलून काहीच लिहू नका. मेळाव्यांत पिवळे फेटे आणि पिवळे दुपट्टे दिसतात म्हणून ‘गोंड – पिवळा’ असं लिहिण्याचा मोह होईल. तो लोकांसमोर मिरवायचा ओळखीचा रंग आहे. घरातल्या जन्म-मरणाच्या विधींत कोणता रंग कुठे येतो हे त्या घरांतल्या जाणत्यांना विचारूनच लिहायचं.

आता बाहेरच्या जगातल्या ओळी. त्या टाकून द्यायची गरज नाही, त्याच रकान्यांत बसवून बघायच्या.

चीनचं पांढरं नीट पाहिलं तर ते रंगापेक्षा कापडाचं प्रकरण आहे. जुन्या पद्धतीत सुतकाचे पाच दर्जे होते. बाप गेला तर मुलाने सगळ्यात जाडंभरडं, न रंगवलेलं तागासारखं कापड घालायचं, आणि त्याच्या कडा दुमडून शिवायच्या नाहीत, दशा तशाच लोंबू द्यायच्या. नावाला तीन वर्षं, हिशेबाने साधारण २७ महिने. नातं जसं दूरचं तसं कापड बारीक होत जातं, कडा शिवलेल्या येतात आणि मुदत एक वर्ष, नऊ महिने, पाच महिने, तीन महिने अशी उतरत जाते. गर्दीत कोण मुलगा आणि कोण चुलत पुतण्या हे कापडाच्या पोतावरून कळावं अशी ती व्यवस्था होती. ‘चीन – पांढरा – शोक’ या ओळीत पोत, कड आणि मुदत, म्हणजे खरी माहिती, गळते. शिवाय आजच्या चिनी शहरात एकच नवरी सकाळी लाल पोशाख आणि दुपारी पांढरा पाश्चात्त्य गाऊन घालते, आणि कोणाला त्यात अपशकुन वाटत नाही. पांढरा गाऊन आणि सुतकाचं भरडं कापड यांत तिथल्या लोकांची गल्लत होत नाही, गल्लत आपल्या तक्त्यात होते.

जपानचं उदाहरण मुलांना करून दाखवता येईल. पारंपरिक लग्नात नवरी पूर्ण पांढरा किमोनो घालते, आणि मृत माणसालाही पांढरंच वस्त्र नेसवतात. ओळखायचं कसं? जिवंत माणसाच्या किमोनोत डावी बाजू वर येते आणि उजवी खाली जाते. मृताच्या अंगावर हे उलटं असतं, उजवी बाजू वर. रंग तोच, फरक घडीत. दोन दुपट्टे घेऊन हे वर्गात दोन मिनिटांत दाखवता येतं. सुतकी माणसांचे कपडे जपानात आधी पांढरे असत. आजचा काळा पोशाख मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, युरोपच्या प्रभावाने रुळत गेला. म्हणून ‘जपान – शोक’ यापुढे एक रंग लिहायचा तर आधी साल विचारावं लागतं.

युरोपातही पांढऱ्या नवरीचा रिवाज वाटतो तितका जुना नाही. राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये पांढऱ्या पोशाखात लग्न केलं आणि त्यानंतर तो थाट पसरत गेला. त्याआधी ऐपतवाले रंगीत आणि भारी कापड वापरत, आणि साध्या घरची नवरी आपला चांगला पोशाख घाले, तो कोणत्याही रंगाचा असे. त्याच राणीने १८६१ मध्ये नवरा वारल्यावर १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळं घातलं. पण स्वतःच्या अंत्यविधीसाठी तिने पांढरं मागितलं होतं. फ्रान्सच्या राजघराण्यात तर सोळाव्या शतकात राणीचं सुतकच पांढरं असे. स्कॉटलंडची मेरी तशा पांढऱ्या शिरोवस्त्रात चित्रात दिसते. आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या विधवेचं काळंही एकसारखं नव्हतं. आधी चमक नसलेलं काळं, मग थोडं बरं काळं, मग राखाडी आणि फिका जांभळा, असं टप्प्याटप्प्याने ते उतरत जाई. ‘किती दिवस’ हा रकाना इथेही कामी येतो.

घानातले अकान लोक अंत्यविधीला लाल आणि काळपट अशी दोन्ही वस्त्रं वापरतात, आणि लाल बहुतेकदा जवळच्या नात्यातल्यांच्या अंगावर दिसतो. लाल सगळीकडे शुभ असं म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरे. आलवण हे दुसरं.

अशा याद्यांत ‘इजिप्त – पिवळा – शोक’, ‘इराण – निळा – शोक’ अशा ओळी पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्यापुढे काळ, समाज, प्रसंग काहीच नसतं. एक यादी दुसऱ्या यादीवरून उतरवलेली असते, चूकसुद्धा जशीच्या तशी. सोपी कसोटी ठेवा: ज्या ओळीला ‘कोणी, कधी, कोणत्या प्रसंगी’ ही तीन उत्तरं मिळत नाहीत ती तक्त्यात घ्यायची नाही. दहा देशांच्या जागी चार राहिले तरी चालतील.

आता माहिती गोळा कशी करायची ते. मुलांना घरी पाठवताना ‘पांढऱ्याचा अर्थ काय?’ असा प्रश्न देऊ नका. असं विचारलं की माणूस पुस्तकी उत्तर देतो: शांती, पवित्रता, त्याग. तीच उत्तरं तिरंग्यावरच्या धड्यातही आहेत, ती गावाची माहिती नव्हे. त्याऐवजी एखादा खरा प्रसंग धरून विचारायचं: ‘आजी, तुझ्या लग्नात तू काय नेसली होतीस? ते कोणी आणलं होतं? हळदीच्या वेळी वेगळं होतं का? ते पातळ नंतर कुठे वापरलं?’ मग उलटा प्रश्न: ‘लग्नाला यायच्या बाईने काय नेसलेलं चालत नाही?’ लोक अर्थ सांगताना अडखळतात, पण काय चालत नाही हे लगेच सांगतात, आणि त्यातूनच नियम कळतो. त्यानंतर अपवाद विचारायचा: ‘कोणी तसं नेसलं तर काय होतं? कोणाला चालतं?’ काळ्याबद्दल असं विचारलंत तर मजा येईल. लग्नकार्यात काळं नको म्हणणाऱ्या बाईच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र असतं, आणि नवीन सुनेला संक्रांतीला काळी साडी घेतात. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहायचं.

मृत्यूबद्दलचे प्रश्न मुलांकडून विचारून घेऊ नका. ते तुम्ही स्वतः, त्या घरात अलीकडे कोणी गेलेलं नाही याची खात्री करून, जाणत्या माणसाला विचारा. एका समाजाचं एका माणसाकडून घेऊ नका. शिकलेला, बोलका आणि शाळेत नेहमी येणारा माणूस सगळ्या समाजाच्या वतीने बोलतो, आणि तो बहुतेकदा पुरुष असतो. नेसवण्याचं, ओटी भरण्याचं काम बायका करतात, म्हणून तपशील त्यांच्याकडे असतो. निदान तीन घरं, त्यातली एक वयस्क बाई, एवढं धरा. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर मधलं उत्तर काढू नका, तिन्ही तशीच लिहा. फरक हीसुद्धा नोंद आहे.

फोटोंवर भिस्त ठेवताना फार सांभाळा. घरोघरी लग्नाचे जुने फोटो मिळतील आणि मुलं ते हौसेने आणतील. पण जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोग्राफीत ऑर्थोक्रोमॅटिक म्हणून एक फिल्म वापरली जाई, तिच्यावर लाल रंग उमटतच नसे. तांबडं लुगडं त्यात जवळजवळ काळं दिसतं, आणि फिकं निळं पांढरं दिसतं. असा फोटो पाहून ‘पणजी काळं नेसायची’ असं कोणी लिहिलं तर ते साफ चुकेल. हाताने रंगवलेले स्टुडिओचे फोटो तर रंगवणाऱ्याच्या मर्जीचे असतात. १९७०–८० च्या सुमाराचे रंगीत फोटो अल्बममध्ये अंधारात ठेवले तरी लालसर होत जातात, कारण त्यातला निळसर थर आधी उडतो. तपासायची युक्ती अशी: फोटोत जे नक्की पांढरं असणार ते शोधा, म्हणजे चुन्याची भिंत, कोणाचं तरी धोतर, डोळ्यांचा पांढरा भाग. तेच गुलाबी किंवा पिवळं दिसत असेल तर साडीचा रंगही तितकाच घसरलेला आहे. रंगाची नोंद फोटोवरून न करता पेटीत ठेवलेल्या खऱ्या पातळावरून करा, तेही दिवसाच्या उजेडात, दाराशी उभं राहून. पिवळ्या बल्बखाली पांढरं आणि फिकं पिवळं वेगळं ओळखू येत नाही.

तक्त्याचे रकाने मी असे धरले असते: कोण, प्रसंग, अंगावर काय होतं (कापड आणि रंग), काय काढलं किंवा टाळलं, किती दिवस, कोणी सांगितलं आणि केव्हा. ‘अर्थ’ हा रकाना ठेवायचाच असेल तर शेवटी, आणि त्यात सांगणाऱ्याचेच शब्द. ‘कोणी सांगितलं’ मध्ये नाव नको, ‘कुणबी घर, आजी, वय साठच्या पुढे’ एवढं पुरे. नमुन्याला दोन ओळी देतो. पहिली: ‘सवाष्ण बाईचा मृत्यू, कुणबी घर, हिरवं पातळ, हिरवा चुडा, कुंकवाचा मळवट, काही काढलं नाही, पातळ माहेरहून आलं.’ दुसरी: ‘लग्न, बौद्ध घर, नवरीला पांढरी साडी, नवरदेवाला पांढरे कपडे, याच घरात अंत्यविधीला आणि १४ ऑक्टोबरलाही पांढरंच.’ या दोन ओळी एकाखाली एक लावल्या की ‘पांढरा म्हणजे शोक’ हे वाक्य मुलं स्वतःच खोडतील.

एक कामाची गोष्ट राहिली. हे भिंतीवर ऑइल पेंटने रंगवू नका. नोंदी बदलणार आहेत, आणि एखादं घर नंतर ‘आमचं काढा’ म्हणेल तर ते लगेच काढता आलं पाहिजे. कार्डशीटच्या वेगवेगळ्या पट्ट्या करून टाचणीने लावा. पांढऱ्याच्या नोंदींशेजारी कापडाचे बोटभर लांबीचे तुकडे चिकटवा: मांजरपाट, धुवट पांढरं, धोतराचं बारीक सूत आणि पांढऱ्या साडीचं कापड. चारही पांढरेच, पण शेजारी ठेवले की वेगळे दिसतात, आणि हात लावून बघितले की आणखी वेगळे. तुकडे दुकानातूनच विकत घ्या, कोणाच्या घरून मागवू नका.